शुक्रवारी संध्याकाळपर्यंत

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात तक्रारीला उत्तर देण्याची एक ठरलेली पद्धत होती, आणि ती म्हणजे उत्तर न देणे. गिऱ्हाइकाचा मेल आला की तो वाचायचा, वरच्यांना दाखवायचा आणि गप्प बसायचे. कारण सापडले, आणि ते आपल्याला परवडणारे असले, की मग तोंड उघडायचे. नाहीतर पंधरा-वीस दिवसांनी दोन ओळी जायच्या : आमच्याकडे राखून ठेवलेला नमुना तपासला, तो बरोबर आहे, कृपया आपली साठवणूक तपासावी. गुणवत्ता विभागाचे जुने प्रमुख याच पद्धतीने निवृत्त झाले, हारतुरे घेऊन.

त्यांच्या खुर्चीवर राजश्री हाटे बसली ती जानेवारीत. प्रयोगशाळेच्या बाकावर तिची उमेदीची सगळी वर्षे गेली होती. मुलगी दहावीला, नवरा माणगावला शाळेत शिक्षक, आणि खुर्ची मिळाली ती सहा महिन्यांच्या अटीवर. जमले तर कायम, नाहीतर पुन्हा बाकावर. अट घालणारे होते कारखान्याचे व्यवस्थापक राजेश पार्टे. पोलादपूरकडचा माणूस, आवाज मोठा, कामाला वाघ. मशीन बंद पडले तर स्वतः बाह्या सारून खाली उतरणारा. फक्त आपल्या कारखान्याचे काही चुकले, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते.

शिमग्याची धामधूम नुकतीच ओसरली होती. मंगळवारी सकाळी तारापूरहून मेल आला. तिथला रंग बनवणारा कारखाना यांची पावडर घ्यायचा. तिथल्या गुणवत्ता प्रमुख मानसी पाटकर यांनी लिहिले होते की नव्या लॉटच्या काही ड्रममध्ये वरच्या थराला गुठळ्या आहेत, त्या विरघळत नाहीत, आमचा रंगाचा एक घाणा वाया गेला. सोबत फोटो होते. शेवटी एक वाक्य होते : या वेळी तरी उत्तराची अपेक्षा आहे.

त्या ‘या वेळी तरी’वर राजश्रीची नजर अडकली. पार्टे त्या दिवशी मुंबईला मालकांकडे होते. त्यांना फोन लावला तर उचलला नाही. वाट बघत बसायचे, की लिहायचे? तिने जेवणाचा डबा न उघडताच लिहायला घेतले.

तिने लिहिले की तुमची तक्रार मिळाली, आमच्याकडे तिची नोंद झाली, क्रमांक हा. गुठळ्या कशामुळे झाल्या ते आम्हाला आज माहीत नाही, आणि आम्ही अंदाज सांगणार नाही. या लॉटचा जो माल आमच्या गोदामात आहे तो आजपासून अडवून ठेवला आहे. तुम्हीही उरलेला माल वापरू नका. उघडलेले ड्रम चाळू नका, टाकू नका. आतल्या प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा तशाच ठेवा. कोणत्या ड्रममध्ये गुठळ्या आणि कोणत्यात नाहीत, त्यांचे नंबर पाठवा, एक नमुनाही पाठवा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आम्ही तुम्हाला काय सापडले ते कळवू. काही सापडले नसेल तर तेही कळवू.

मेल गेला, आणि मग तिने डबा उघडला.

बुधवारी सकाळी पार्टेंनी तिला केबिनमध्ये बोलावले. बस म्हणाले नाहीत.

“हाटेबाई, हे काय आहे?”

“पोच आहे साहेब. तक्रार मिळाल्याची.”

“पोच एका ओळीची असते. तुम्ही तारीख दिलीत. कारण कळलं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग कशाच्या जोरावर दिलीत? मुहूर्त काढलात?”

“शोधण्याची तारीख दिली आहे साहेब, सापडण्याची नाही.”

“ते वाचणाऱ्याला हे बारकावे कळत नाहीत. तारीख दिली म्हणजे कबूल केलं, एवढंच कळतं. आणि माल अडवून ठेवला असं लिहून दिलंत. म्हणजे आपणच आपल्या मालावर संशय घेतला.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आत्ता एक मेल टाका. आधीचा मेल नजरचुकीने गेला, चौकशी पूर्ण झाल्यावर कळवू. बस.”

“नजरचुकीने गेला नाही.”

“मला ठाऊक आहे. लिहा.”

“मी मुद्दाम पाठवला. मग नजरचूक कशी लिहू?”

अशी उत्तरे पार्टेंना इतक्या शांत आवाजात ऐकायची सवय नव्हती. मग म्हणाले, “ठीक आहे. शुक्रवार तुमचा. शुक्रवारी हातात कारण नसलं आणि आपली लाज गेली, तर सोमवारपासून तुम्ही तुमच्या बाकावर. मंजूर?”

“कारण सापडेलच असं मी म्हटलेलं नाही,” राजश्री म्हणाली. “पण शुक्रवारी मेल जाईल.”

हा हट्ट तिच्यात कुठून आला, हे तिच्या घरी सगळ्यांना माहीत होते. तिचे वडील बुद्धरत्न हाटे, ज्यांचे आडनाव तिने लग्नानंतरही ठेवले, पोलादपूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली की महाबळेश्वरच्या गाड्या अडकायच्या आणि स्टँडवर माणसांचा कालवा व्हायचा. अशा वेळी इतर नियंत्रक खिडकी लावून घेत. बुद्धरत्न माईक हातात घेत आणि सांगत, “गाडी कुठे आहे हे मला माहीत नाही. अर्ध्या तासाने मी पुन्हा सांगेन.” आणि अर्ध्या तासाने खरोखर सांगत, की अजूनही माहीत नाही, पुन्हा अर्ध्या तासाने सांगतो. लोक शिव्या देत, पण खिडकीवर दगड कधी आला नाही. एका वरिष्ठाने एकदा विचारले होते, माहीत नाही हे माईकवरून सांगायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही? ते म्हणाले होते, लपून बसायची वाटते. त्या उत्तरापायी त्यांची बदली झाली. बदलीच्या ठिकाणीही ते माईकवर तेच सांगत राहिले.

राजश्री कामाला लागली. आधी राखून ठेवलेला नमुना तपासला. ओलावा मर्यादेत, रंग बरोबर, सगळे बरोबर. जुन्या पद्धतीत काम इथेच संपले असते. ट्रकवाल्याला विचारले, ताडपत्री कोरडी होती आणि वाटेत पाऊस नव्हता, मार्च महिन्यात असणार तरी कुठून? मग ती गोदामात गेली आणि त्याच लॉटचे राहिलेले ड्रम उघडायला लावले.

पहिला चांगला निघाला, दुसराही. तिसऱ्याची पिशवी सोडली आणि गोदामातला भिकू मागे सरला.

“मॅडम, ह्ये बगा.”

पिशवीच्या आतल्या बाजूला, तोंडाजवळ, पाणी सुकल्याचे ठिपके होते आणि खाली पावडरीवर गुठळ्यांची साय धरली होती. हा ड्रम कारखान्याबाहेर गेलाच नव्हता. म्हणजे तारापूरच्या साठवणुकीचा दोष नाही, ट्रकचाही नाही. जे झाले ते याच छपराखाली झाले.

ती पार्टेंकडे गेली आणि सांगितले. ते खुर्चीतून उठले, दार लावून आले.

“कोणाला सांगितलंत?”

“अजून कोणाला नाही. शुक्रवारच्या मेलमध्ये लिहीन.”

“डोकं ठिकाणावर आहे ना? आपल्याकडेही गुठळ्या आहेत हे लिहून देणार? कारण माहीत नाही आणि गुन्हा मात्र कबूल?”

“काय सापडलं ते कळवू असं लिहिलंय. हे सापडलं.”

“नमुना बरोबर आहे एवढं लिहा. खोटं आहे का ते?”

“खरं आहे. पण त्याच्याबरोबरचं दुसरं खरं झाकलं की ते खोटं होतं, साहेब.”

“तुम्ही मला शाळा शिकवू नका, हाटेबाई.”

“नाही शिकवत. मी फक्त सांगून ठेवतेय, मेलमध्ये काय असणार आहे ते. नंतर तुम्ही म्हणायला नको की पाठीमागून केलं.”

शुक्रवार आला. कारण सापडले नव्हते. तारापूरहून ड्रमचे नंबर मात्र आले होते. मानसी पाटकरांनी सांगितल्याप्रमाणे काहीही टाकले नव्हते, पिशव्यासुद्धा तशाच ठेवल्या होत्या. राजश्रीने ते नंबर आणि गोदामातले नंबर एकाखाली एक मांडले. गुठळ्यांचे सगळे ड्रम भरण्याच्या क्रमात सुरुवातीचे होते. शेवटी भरलेल्यांत एकही नाही. यात काहीतरी आहे हे तिला कळत होते, काय ते अजून पकडता येत नव्हते.

दिवेलागणीच्या आधी तिने लिहिले : कारण अजून सापडलेले नाही. आमच्या गोदामातल्या ड्रममध्येही गुठळ्या आढळल्या आहेत, म्हणून तुमची साठवणूक आणि वाहतूक ही दोन्ही कारणे आम्ही बाद केली आहेत. दोष भरण्याच्या सुरुवातीच्या ड्रममध्येच आहे. पुढचा शोध त्या दिशेने. पुढचा मेल बुधवारी.

पार्टेंना तिने मेलची प्रत पाठवली होती. ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“म्हणजे आणखी एक तारीख.”

“हो.”

“सोमवारचं लक्षात आहे ना?”

“आहे. पण साहेब, बुधवारचा मेल कोण पाठवणार तेवढं आधी ठरवा. तारीख माझ्या नावानं गेली आहे. नव्या माणसानं पाळली नाही तर नाव माझंच खराब व्हायचं.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तारापूरहून मानसी पाटकर होत्या.

“मॅडम, मेल वाचला. खरं सांगू का, मी वाट बघत नव्हते. आमच्याकडे पैज लागली होती, महाडहून काही येणार नाही म्हणून.”

“तुम्ही कोणत्या बाजूला होता?”

“हरले ना मी.” त्या हसल्या. मग आवाज बदलला. “पण एक ऐकून ठेवा. माल मी परत पाठवणार आहे. आणि कारण कळेपर्यंत नवा माल घेणार नाही.”

“घेऊ नका. मीही घेतला नसता.”

फोन चालू असताना पार्टे तिथेच उभे होते. “मीही घेतला नसता?” ते म्हणाले. “पगार आपल्याकडून घेता की तारापूरकडून?” आणि निघून गेले.

सोमवारी ती आली ती सरळ आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. कोणी उठ म्हटले नाही. पार्टे दिवसभर तिच्याकडे फिरकले नाहीत. एवढे मात्र झाले की तिने मागितलेली माणसे तिला मिळेनात. ड्रायरवरचा माणूस म्हणे कामात आहे, पॅकिंगवाले म्हणे जेवायला गेलेत. तेव्हा जेवायच्या सुट्टीत ती स्वतःच पॅकिंगच्या शेडमध्ये गेली. चार-पाच जण डबे उघडून बसले होते. त्यांत ड्रायर चालवणारा कोंडाजी होता. कुडपणकडचा, गंभीर चेहऱ्याचा, कधी कामात खोट न काढू देणारा.

सुरुवातीचे ड्रम आणि पिशवीच्या आत पाणी, या दोन गोष्टी तिने रविवारभर मनात घोळवल्या होत्या. बाहेरून पाणी आले नसेल तर ते आतूनच आले. भात गरम असताना डब्याचे झाकण लावले की झाकणाला आतून घाम सुटतो, तसे. वाळलेल्या पावडरीत थोडा ओलावा राहतोच, आणि तो मर्यादेतच होता. पण पावडर गरम असताना पिशवीचे तोंड बांधले, तर तेवढाच ओलावा वाफ होऊन वर जाणार, थंड झाल्यावर पाणी होऊन वरच्याच थरावर उतरणार. म्हणूनच नमुना बरोबर आणि ड्रम वाईट. पावडर ड्रायरमध्येच थंड करून मग काढायची, हा नियम. आधी निघते ती जास्त गरम. भरता भरता उरलेली निवत जाते.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “त्या लॉटची पावडर हाताला गरम होती का?”

सगळे डब्यात बघू लागले.

“नाय म्हायत मॅडम,” एक जण म्हणाला.

“पार्टेसाहेबांना इचारा,” दुसरा म्हणाला. भिकू कोपऱ्यातून पुटपुटला, “मॅडमना काय, त्यांची पालखी नाय.”

राजश्रीने ऐकले. “नाही ना,” ती म्हणाली. “म्हणून तर तो लॉट भरला त्या दिवशी मी इथं होते, भिकूभाऊ, आणि अर्धा कारखाना गावाला होता. तुमच्या पालखीवर मी बोट ठेवत नाहीये. मला नाव नकोय कोणाचं. गरम होती का एवढंच सांगा.”

कोंडाजीने डब्याचे झाकण लावले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ज्याच्या दारात ती येणार त्याने दारात असायचे, मुंबई-सुरतेहून यायचे. दार बंद ठेवून पालखी परत पाठवली असे आजवर त्याच्या घरात घडले नव्हते.

“गरम व्हती,” तो म्हणाला. “चटका नव्हता बसत, पन गरम व्हती. आमच्या वाडीत पालखी त्याच दिशी व्हती. मी रजा मागितली व्हती, म्हयनाभर आधी. नाय दिली. गाडी भरायची हाय म्हनाले. मंग थंड व्हायाची वाट नाय बघितली. लवकर भरली नि गेलो.”

“पालखी गाठलीस?”

“गाठली.” डबा बाजूला सरकवत तो म्हणाला, “साहेबांच्या गाडीतनंच गेलो मॅडम. त्येंच्या दारातबी पालखी व्हती. त्ये म्हनले, आवर लवकर.”

शेडमध्ये कोणीतरी खोकले. राजश्रीने फक्त मान हलवली.

बुधवारी तिने अहवाल लिहिला आणि पाठवण्याआधी पार्टेंसमोर ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. पावडर थंड होण्याआधी भरली गेली. भरण्याआधी तापमान मोजण्याची सोयच आपल्याकडे नाही. नमुना ड्रायरपाशी घेतला जातो, ड्रम भरल्यावर घेतला जात नाही, म्हणून प्रयोगशाळेला हे दिसले नाही. सणाच्या दिवशी माणसे कमी असताना माल रवाना करण्याचे ठरवले गेले. यापुढे तापमान मोजल्याशिवाय पिशवीचे तोंड बांधले जाणार नाही, आणि शिमग्याच्या दिवसांतले काम रजा आधी ठरवून आखले जाईल.

“ठरवले गेले,” पार्टे म्हणाले. “कोणी ठरवले ते नाही लिहिलंत?”

“नाव कोणाचंच नाही लिहिलं.”

“कोंडाजीचं लिहा. ऑपरेटरची चूक. गिऱ्हाइकाला ते पटतं, आणि विषय मिटतो. त्याला आपण समज देऊ.”

“एक नाव लिहायचं तर सगळी लिहावी लागतील, साहेब. रजा कोणी नाकारली, गाडी कोणी ठरवली, आवर लवकर कोण म्हणालं.”

पार्टेंचा चेहरा लाल झाला. “मला धमकी देता?”

“नाही. म्हणून तर एकही नाव नाही लिहिलं. नमुना ड्रायरपाशी घेण्याची पद्धत माझ्या विभागाची आहे, तेही त्यात लिहिलंय. तेवढं तुम्ही वाचलं नाहीत बहुतेक.”

“वाचलं.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. “नाही पाठवायचा.”

“बुधवार दिलाय.”

“मी व्यवस्थापक आहे, हाटेबाई. मी नाही म्हणतोय. उद्या सकाळी तुम्ही बाकावर असाल.”

“असेन,” ती उठत म्हणाली. “बाकावर बसायला मला कधीच लाज वाटली नाही, निम्मं आयुष्य तिथंच गेलं. पण आज या खुर्चीवर मी आहे, आणि आज बुधवार आहे.”

ती आपल्या टेबलाशी गेली, बसली आणि अहवाल पाठवला. प्रत पार्टेंना, आणि या वेळी मुंबईला मालकांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टे तिच्या टेबलाशी आले. हातात मोबाइल होता. मुंबईहून फोन येऊन गेला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते; काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही, तिनेही विचारले नाही.

“परत येणारा माल पुन्हा वाळवून, चाळून, थंड करून भरायचा,” ते म्हणाले. “तारापूरला किती दिवस सांगायचे?”

“तुम्ही सांगा साहेब. ड्रायर कधी मोकळा होतो ते तुम्हाला माहीत.”

“नक्की नाही सांगता येत.”

“मग नक्की कधी सांगता येईल, ते सांगा. तेवढं लिहिते.”

पार्टेंनी मोबाइल खिशात ठेवला. “तुम्ही वाकणार नाही ना?”

“या बाबतीत नाही.”

“शनिवारी,” ते अखेर म्हणाले. “शनिवारी दुपारी सांगतो.”

राजश्रीने लिहायला घेतले. ते वाचायला म्हणून तिच्या खांद्यामागे उभे राहिले, मग स्वतःच बाजूची खुर्ची ओढून बसले.

तारापूरने पुढचा माल निम्माच घेतला. उरलेला निम्मा दुसऱ्याकडून घेऊ लागले, आणि त्याबद्दल पार्टे आजही तिला संधी मिळेल तेव्हा ऐकवतात. सहा महिने सरले तेव्हा खुर्ची कायम झाल्याचे कोणी तिला बोलावून सांगितले नाही. नुसतेच पगाराच्या चिठ्ठीवरचे पद बदलले. तिने पेढे वाटले नाहीत. त्या दिवशी सकाळीच इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, रंग पिवळसर आहे म्हणून. का, ते अजून कोणालाच माहीत नव्हते. जेवणाआधी तिची पोच गेली.